इन्सेप्शनचा शेवटचा शॉट: समजा भोवरा पडताना दाखवला असता, तरी वाद मिटला असता का?

खिडकीपाशी
स्पॉयलर सगळेच आहेत, पिक्चर २०१० चा आहे त्यामुळे कोणी ओरडू नका.

शेवट आठवत नसेल त्यांच्यासाठी: दुसऱ्याच्या स्वप्नात शिरायचं काम करणारा कॉब विमानात जागा होतो, लॉस एंजेलिसच्या इमिग्रेशनमधून काही न होता बाहेर पडतो, सासरा माइल्स न्यायला आलेला असतो, घरी येतो, टेबलावर तो भोवरा फिरवतो जो जागेपणी पडतो नि स्वप्नात फिरतच राहतो, आणि तो पडतोय का हे बघायच्या आधीच बागेत पोरं दिसतात नि हा तिकडे निघून जातो. कॅमेरा मात्र पोरांपाशी थांबत नाही, परत भोवऱ्यावर येतो. भोवरा फिरतोय, फिरतोय, जरासा डुगडुगल्यासारखा वाटतो आणि खट्कन काळा पडदा.

यावर दोन पक्ष आहेत हे सगळ्यांना माहितीय. एक म्हणतो तो डुगडुगला म्हणजे पडणार होता, म्हणजे कॉब खरंच घरी पोचला. दुसरा म्हणतो पडलेला दाखवला नाही म्हणजे अजून स्वप्नातच आहे. आणि दोघंही एक गोष्ट धरून चालतात की आणखी पाच सेकंद दाखवलं असतं तर निकाल लागला असता. मला तिथंच शंका आहे. पिक्चरचेच नियम लावले तर भोवरा पडण्यानं नक्की काय सिद्ध होतं? मला वाटतं फारसं काही नाही. तुमचं काय मत?

सिनेकिडा
अहो भोवरा विसरा, तो दिशाभूल करायला ठेवलाय. खरा टोटेम, म्हणजे स्वप्न का जाग हे ओळखायची वस्तू, अंगठी आहे. स्वप्नात असला की कॉबच्या डाव्या हातात लग्नाची अंगठी असते, जागा असला की नसते, सगळा पिक्चर पॉज करत करत बघा. शेवटी पासपोर्ट देतो तेव्हा अंगठी नाहीये. म्हणजे जागा आहे. विषय संपला.

मंजिरी_क
कसला संपला? पोरं बघा ना. सबंध पिक्चरभर त्याला पोरं दिसतात ती बागेत पाठमोरी बसलेली, आणि शेवटी पण तश्शीच, तेच कपडे, तेवढीच मोठी, त्याच जागी. हा किती काळ घराबाहेर आहे, पोरं वाढली नाहीत का? आठवणीतली पोरं आहेत ती, आठवणीत कोणी मोठं होत नाही. मी पहिल्यापासून स्वप्न पार्टीत.

पिंगळा
मंजिरी, हे बहुतेकांना वाटतं पण तसं नाहीये. शेवटची श्रेयनामावली बघा, फिलिपाची भूमिका दोन मुलींनी केलीय, एक ३ वर्षांची फिलिपा आणि एक ५ वर्षांची, जेम्स पण तसाच, एक २० महिन्यांचा आणि एक ३ वर्षांचा. म्हणजे शेवटच्या सीनसाठी मोठी मुलं मुद्दाम वेगळी घेतलीत. कपडे पण सारखे दिसतात पण तेच नाहीत, वेशभूषाकार जेफ्री कर्लंडनं स्वतः सांगितलंय की शेवटच्या सीनमधले वेगळे आहेत. पण इतके जवळजवळ सारखे का ठेवले हा प्रश्न उरतोच, कारण पहिल्यांदा बघताना कोणालाही तेच वाटणार आणि ते दिग्दर्शकाला कळत नसेल असं नाही. म्हणजे पुरावा एका बाजूला आणि भास दुसऱ्या बाजूला, असं बरोबर मांडून ठेवलंय.

सिनेकिडा, अंगठीचं निरीक्षण बरोबर आहे, पण निष्कर्ष अर्धा आहे. एक तर टोटेम नाही म्हणता येणार, पिक्चरमध्ये अंगठीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, कॉब स्वतः कधी ती तपासत नाही. ती त्याला दिलेली खूण नाही, आपल्याला दिलेली आहे. दुसरं, अंगठीनं काय कळतं ते नीट बघा. पॅरिसमध्ये अंगठी नाही, मोंबासात नाही, विमानात नाही, शेवटी नाही. म्हणजे शेवटचा सीन पॅरिस-मोंबासाच्याच पातळीवरचा आहे एवढं कळतं. ती पातळी खरी आहे का, हे अंगठी कुठं सांगते?

सिनेकिडा
म्हणजे काय, पॅरिस खोटं? आता हे अतीच झालं.

पिंगळा
मी खोटं म्हणत नाहीये, पण "स्वप्न पार्टी" ही एक पार्टी नाही, दोन आहेत, आणि सगळी गल्लत तिथं होते.

पहिला गट म्हणतो कॉब लिंबोत, म्हणजे स्वप्नाच्या सगळ्यात खालच्या थरात, अडकला. शेवटी तो ज्यानं काम दिलं त्या सैतोसमोर बसलाय, सैतो म्हातारा झालाय, टेबलावर भोवरा न थांबता फिरतोय, सैतोचा हात पिस्तुलाकडे जातो, आणि कट, कॉब विमानात डोळे उघडतो. गोळी दाखवलीच नाही. व्हॅन पाण्यात पडते, लिफ्ट आदळते, बर्फातला किल्ला कोसळतो, बाकीच्यांना जागं करणारे सगळे धक्के इतके रंगवून दाखवलेत की एक तास त्यातच जातो, आणि ज्या एका जागं होण्यावर सगळं अवलंबून आहे ते मात्र गाळलंय. त्यामुळे या गटाचं म्हणणं, विमान, इमिग्रेशन, घर हे सगळं लिंबोतच कॉबनं स्वतःसाठी बांधलं.

दुसरा गट म्हणतो मुळात पॅरिस-मोंबासा हीच स्वप्नाची पातळी आहे, आपण जिला खरी समजतो ती. म्हणजे त्याची बायको मॅल बरोबर होती, ती खिडकीतून उडी मारून खरंच जागी झाली आणि हा खालीच राहिला.

आता पुरावे लावून बघा. अंगठी, मुलांची वयं, कपडे, हे तिन्ही पहिल्या गटाला अडचणीत आणतात, कारण कॉबनं लिंबोत घर बांधलं असतं तर अंगठी असती आणि पोरं आठवणीतल्याच वयाची असती. पण दुसऱ्या गटाला त्यानं काहीच फरक पडत नाही, ते म्हणणार हो, शेवट पॅरिसच्याच पातळीवरचा आहे, ती पातळीच स्वप्न आहे. म्हणजे अंगठी दाखवून तुम्ही एकाच पार्टीला हरवता, आणि भांडत असता दुसरीशी.

उगाचच
माझा प्रश्न थोडा वेगळा, पण शेवटाबद्दलच. टोळीनं फिशरच्या डोक्यात स्वप्नातून पेरलेली ती कल्पना शेवटी रुजली का नाही? विमानतळावर तो नुसता उभा असतो, वडिलांची कंपनी मोडली का ते दाखवतच नाहीत. मला तर सगळ्यात मोठा अर्धवट शेवट तोच वाटतो.

खिडकीपाशी
:) तो वेगळाच विषय आहे उगाचच, पण सैतोनं विमानात फोन उचलला म्हणजे त्याला काम झाल्यासारखं वाटलंय एवढं नक्की. त्यावर नंतर बोलू, इथं भोवऱ्यावरच राहू या.

पिंगळा, हे दोन गट वेगळे करणं पटलं. पण आता भोवऱ्याचं सांगा. तो तरी दुसऱ्या गटाला उत्तर देतो का?

पिंगळा
नाही ना. आणि तुमचा मूळ मुद्दा तिथंच बरोबर आहे.

टोटेमचा नियम कॉबचा साथीदार आर्थर सांगतो तो आठवा. त्याचा फासा एका बाजूला जड आहे, ते वजन फक्त त्याला माहिती, म्हणून तो टोळीत नव्या आलेल्या ॲरियाडनीला हात लावू देत नाही. याचा उपयोग एवढाच की आपण दुसऱ्या कोणाच्या स्वप्नात नाही हे कळावं, कारण ज्यानं ते स्वप्न रचलं त्याला खरं वजन माहिती नसणार. आपल्याच स्वप्नात काय? तिथं फाशाचं वजन ठरवणारं डोकं आपलंच आहे, त्याला सगळं ठाऊक आहे. तिथं टोटेम कामाचा नाही.

आता भोवरा बघा. त्यात तर उलटच गंमत आहे. फासा जागेपणी काहीतरी विचित्र वागतो, भोवरा स्वप्नात विचित्र वागतो. म्हणजे साधा भोवरा जसा वागेल तसा तो जागेपणी वागतो. मग दुसऱ्यानं रचलेल्या स्वप्नात त्यानं एक साधा पडणारा भोवरा ठेवला तर कॉब फसलाच की! वर तो भोवरा मुळात मॅलचा, आणि तो कसा चालतो हे कॉबनं ॲरियाडनीला तोंडानं सांगून टाकलंय. गुप्ततेचे सगळे नियम त्यानंच मोडलेत.

थोडक्यात भोवरा पडला नाही तर स्वप्न आहे हे नक्की, पण पडला तर जाग आहे हे नक्की नाही. पाच सेकंद वाढवून वाद मिटला असता तो फक्त एकाच दिशेनं.

मंजिरी_क
हे भारी आहे. म्हणजे जागा पार्टीला पुरावा मिळणारच नव्हता कधी, भोवरा धाडकन पडला असता तरी.

मास्तर_निवृत्त
मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचो, थोडं भोवऱ्यावर बोलतो. वेग चांगला असला की भोवरा ताठ उभा राहून फिरतो, अक्ष जवळजवळ हलत नाही. टोकापाशी घर्षण आणि हवेचा विरोध यांनी वेग कमी होत जातो, आणि एका मर्यादेखाली आला की अक्ष गोल गोल डुलायला लागतो, डुलणं वाढत जातं आणि मग कड टेकून तो लोळतो. एकदा डुलायला लागल्यावर आपोआप परत वेग वाढत नाही, वेग द्यायला बाहेरून कोणीतरी लागतं.

आता सैतोच्या टेबलावरचा भोवरा बघा, एकदम शांत, ताठ. आणि शेवटचा बघा, त्याला शेवटी हिसका बसल्यासारखा दिसतो. भौतिकशास्त्र जिथं चालतं तिथला तो भोवरा आहे. माझ्या दृष्टीनं उत्तर दिलेलं आहे, फक्त वाक्य पूर्ण केलं नाही. "किती वेळ फिरतोय बघा" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की धातूचा नीट घडवलेला भोवरा गुळगुळीत लाकडावर मिनिटभराच्या वर सहज फिरतो, त्यात जादू काही नाही.

पिंगळा
मास्तर, नमस्कार. डुलण्याबद्दल मान्य, लिंबोवाल्या गटाविरुद्ध हा माझ्या मते सगळ्यात चांगला मुद्दा आहे, अंगठीपेक्षाही. पण अडचण तीच, भौतिकशास्त्र चालतंय एवढंच कळतं. पिक्चरमधली स्वप्नं मुळात भौतिकशास्त्र पाळणारीच रचतात, नाहीतर ज्याचं स्वप्न आहे त्याला संशय येईल. पॅरिसच्या कॅफेत ॲरियाडनीला कुठं कळतं की ती स्वप्नात आहे? कॉब विचारतो आपण इथं आलो कसे, तेव्हा कळतं.

मास्तर_निवृत्त
मग असं म्हटलं तर कुठलाच प्रयोग चालणार नाही. कुठल्याही जगातला कोणताही पुरावा "तोही स्वप्नातलाच" म्हणून उडवून लावता येतो. अशा दाव्याला मी वाचन म्हणणार नाही, ती पळवाट झाली. तुमचा दुसरा गट म्हणजे जो कधी खोटा ठरूच शकत नाही असा दावा आहे.

पिंगळा
नुसता तेवढाच असता तर मी पण सोडून दिला असता. पण त्यांच्याकडे पिक्चरच्या आतल्या गोष्टी आहेत, त्या ऐकून घ्या.

मोंबासा घ्या. कॉबच्या मागे माणसं लागतात, तो पळत पळत दोन भिंतींमधल्या बोळात शिरतो, बोळ अरुंद होत होत इतका अरुंद की आडवा होऊन अंग घुसवावं लागतं. अक्षरशः वाईट स्वप्नात होतं तसं. तिकडून बाहेर पडतो तर समोर गाडी आणि आत सैतो, कुठून आला, कसा आला, काही नाही. नंतर लिंबोत मॅल त्याला हेच ऐकवते, की जगभर बिनचेहऱ्याच्या कंपन्या आणि पोलीस तुझ्या मागे लागलेत, हे स्वप्नात मनातली माणसं मागे लागतात तसंच नाही का. म्हणजे प्रेक्षकाला जी शंका यायला हवी ती पिक्चरनंच एका पात्राच्या तोंडी दिलीय.

दुसरं, हॉटेलमधला तो प्रसंग. मॅल कठड्यावर बसलीय ती त्यांच्या खोलीच्या खिडकीत नाही, समोरच्या इमारतीच्या खिडकीत. तिकडे गेली कशी? लोक खुलासा करतात की तिनं समोरची खोली पण घेतली असेल. असेलही. पिक्चर सांगत नाही.

आणि तिसरं माझ्या आवडीचं. औषध बनवणाऱ्या युसुफच्या तळघरात कॉब ते गुंगीचं औषध घेऊन बघतो, दचकून उठतो, तोंडावर पाणी मारायला जातो आणि भोवरा फिरवायला बघतो. तेवढ्यात सैतो येतो आणि भोवरा हातातून खाली पडतो. ती तपासणी अर्धवट राहिली. आधी जपानमध्ये पिस्तूल हातात घेऊन भोवरा पूर्ण पडेपर्यंत बघणारा माणूस तो हाच. इथून पुढं घरी पोचेपर्यंत जागेपणी एकही तपासणी पुरी होत नाही, आणि घरी केली तीही तो बघायला थांबत नाही.

मंजिरी_क
म्हणजे आणखी एक शक्यता झाली, की तळघरातून तो उठलाच नाही! तिसरा गट!!

पिंगळा
आहेत तसे म्हणणारे. पण खूश होऊ नका, अंगठी त्यांच्याही आड येते, आणि त्यांना हेही सांगावं लागतं की बाकीची टोळी, विमान, फिशर, हे सगळं एकट्या कॉबच्या डोक्यात इतकं तपशिलात कसं चालू आहे, आणि युसुफ व्हॅन चालवत असताना जे कॉबला दिसूच शकत नाही ते आपल्याला कसं दिसतं. मला तो गट पटत नाही.

रात्रपाळी
मी पिक्चर एकदाच पाहिलाय, पण एक माझा अनुभव सांगतो. मला खोटी जाग येते अधूनमधून, म्हणजे स्वप्नातच उठतो, दात घासतो, आवरतो, आणि मग खरंच जाग येते. त्यावर तपासण्या करतात, एखादं लिहिलेलं वाचायचं, नजर फिरवायची, परत वाचायचं, स्वप्नात बरेचदा अक्षरं बदललेली असतात. किंवा स्वतःचे हात नीट बघायचे. पण खरं सांगू का, ज्या स्वप्नात मी मनापासून खूश असतो तिथं तपासायचं सुचतच नाही. तपासायचं सुचतं ते काहीतरी खटकल्यावर. त्यामुळे तो माणूस पोरांना बघून भोवरा सोडून जातो ते मला अगदी बरोबर वाटलं, आणि त्यावरून मला तरी स्वप्नच वाटलं.

खिडकीपाशी
रात्रपाळी, हे मस्तच. फक्त जागेपणी खूश असलो तरी तपासायचं सुचत नाहीच ना? :)

रात्रपाळी
हां ते आहे. तिथं काही उत्तर नाही माझ्याकडे.

संकलन_टेबल
मी एडिटिंग करते, त्या अंगानं बोलते. या शॉटमध्ये मला कट कुठं केलाय त्यात रस आहे. भोवरा ताठ फिरत असताना कापला असता तर नव्वद टक्के लोक स्वप्न म्हणत बाहेर पडले असते. डुलणं नीट सुरू होऊन दोन वळसे झाल्यावर कापला असता तर सगळे जाग म्हणाले असते. हा कट त्या दोन्हीच्या मधल्या काही फ्रेम्सवर आहे, डुलला असं म्हणायला जागा आहे आणि भास झाला असं म्हणायलाही. मास्तरांना तो हिसका पक्का दिसतो, मला पण दिसतो, पण शेजारी बसलेल्याला दिसत नाही. तिथं कापायला किती वेळा टेबलावर मागंपुढं केलं असेल याची मला कल्पना आहे.

आणि एक गोष्ट बघा. कॉब भोवऱ्याकडे पाठ करून गेलाय. शेवटचा शॉट त्याच्या नजरेनं नाहीये, फक्त आपल्या नजरेनं आहे. प्रश्न त्याचा उरलेला नाही, आपल्या गळ्यात घातलाय.

सिनेकिडा
पण माइल्सचं काम करणाऱ्या मायकेल केननी तर उघड सांगितलंय ना, की मी ज्या सीनमध्ये आहे तो खरा, असं त्यांना दिग्दर्शक नोलननंच सांगितलं होतं. आणि माइल्स शेवटी विमानतळावर आणि घरी आहे. दिग्दर्शकाचाच शब्द झाला की तो.

पिंगळा
हो, २०१८ मध्ये एका शोच्या आधी सांगितलं होतं. पण तो नटाला दिलेला सल्ला आहे. केनना पटकथा वाचून कुठलं स्वप्न आणि कुठलं खरं ते कळेना, तेव्हा शूटिंगपुरतं त्यांना एक उत्तर देऊन टाकलं. नटानं ते पात्र कसं उभं करायचं यासाठी ते चोख आहे. आणि परत तेच, केन पॅरिसमध्येही आहेत, त्यामुळे शेवट आणि पॅरिस एकाच पातळीवर, यापुढं तो मुद्दा जात नाही.

स्वतः नोलन २०१५ मध्ये प्रिन्स्टनच्या पदवीदानाच्या आदल्या दिवशीच्या भाषणात यावर बोलला, की कॉब आपल्या मुलांपाशी आहे, त्याच्या स्वतःच्या वास्तवात आहे आणि त्याला आता बाकी कशाची फिकीर नाही. आणि २०२३ मध्ये म्हणाला की बरोबर उत्तर त्याची निर्माती पत्नी एमा थॉमस देते, कॉबला फरक पडत नाही हे. संकलन_टेबल जे म्हणतायत तेच, फक्त दिग्दर्शकाकडून.

मास्तर_निवृत्त
हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. ज्या माणसानं लिंबोत मॅलनं हाक मारली तरी मुलांचे चेहरे बघायला नकार दिला, खोटी पोरं नकोत म्हणून, त्याला दहा मिनिटांनी खरं-खोटं चालेनासं होतं? सगळा पिक्चर त्या नकारावर उभा आहे. त्याला फिकीर नाही असं म्हणण्यापेक्षा त्याची खात्री पटलीय असं म्हणा, चेहरे दिसले म्हणून. तसं असेल तर भोवऱ्याची गरजच उरली नाही, आणि ते जागा पार्टीचंच वाचन झालं.

संकलन_टेबल
मास्तर, याला माझ्याकडे पटकन उत्तर नाही. चेहरे हाच त्याचा टोटेम झाला म्हणता येईल. पण मग टोटेम त्याच्याच डोक्यातला, आणि पिंगळांचा आक्षेप परत आला.

मंजिरी_क
आणि जेम्स शेवटी काय म्हणतो ऐकलंय का, काय बांधताय विचारल्यावर म्हणतो कड्यावर घर बांधतोय. लिंबोत समुद्रकाठी शहर कॉब आणि मॅलनीच बांधलं होतं ना?? पोरांचे कपडे गेले माझे, पण हे नाही सोडणार.

पिंगळा
ते वाक्य आहे खरं. जागा पार्टीकडे त्याचं उत्तर "पोरं असं खेळतातच" एवढंच आहे, आणि ते उत्तर चुकीचं पण नाही.

सिनेकिडा
मी परत पॉज करत बघणार आहे. मोंबासानंतर घरी येईपर्यंत जागेपणी भोवरा पूर्ण पडलेला एक तरी शॉट सापडला तर टाइमकोडसकट इथं टाकतो, मग बघू तुमचा दुसरा गट काय करतो.

पिंगळा
टाकाच. विमानातला वेळ पण नीट बघा, टोळीतले सगळे एकमेकांकडे बघतात पण त्यांच्यातला एकजणही कॉबशी एक शब्द बोलत नाही.

उगाचच
आणि जाता जाता फिशरकडे पण बघा हो कोणीतरी.